पृष्ठ ६४

रोशनीने चौसष्टाव्या पानावरचे ते वाक्य मोठ्याने वाचले, तेव्हा वसुधाताई मेथी निवडत होत्या आणि त्यांचे अर्धेच लक्ष वाचनाकडे होते. ‘सांद्र सल्फ्यूरिक अम्ल को तनु करते समय अम्ल में जल धीरे-धीरे मिलाना चाहिए।’ रोशनी पुढच्या वाक्यावर गेलीसुद्धा. पण वसुधाताईंनी हात पुसले आणि तिच्याकडून पुस्तक घेतले. वाक्य अगदी तसेच छापलेले होते, आणि आतल्या पानावर अनुवादक म्हणून त्यांचेच नाव होते.

संहत आम्लापेक्षा पाणी बरेच हलके असते; ते आम्लात ओतले की वरच राहते आणि मिसळताना एवढी उष्णता निर्माण होते की ते जागच्या जागी उकळून आम्लाचे शिंतोडे अंगावर उडतात. म्हणून भांड्यात आधी पाणी घ्यायचे आणि सतत ढवळत त्यात आम्ल थेंबाथेंबाने सोडायचे. रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या वसुधाताईंना हे नव्याने शिकायचे नव्हते, आणि म्हणूनच ही चूक आपली नसणार, अक्षरजुळणी करणाऱ्याने शब्द इकडचे तिकडे केले असणार, अशी त्यांची पहिली समजूत झाली. (दोष देण्यासाठी अक्षरजुळणी करणारा नेहमीच हाताशी असतो.)

त्यांनी लॅपटॉपवर जुनी फाइल उघडली. मूळ मराठी पुस्तकात दोन वाक्ये होती: ‘आम्लात पाणी ओतू नये. पाण्यात आम्ल हळूहळू मिसळावे.’ त्यांच्या पहिल्या खर्ड्यातही ती दोन्ही नीट उतरली होती. मग संपादकांचा निरोप आला होता की आकृती मोठी केल्यामुळे या पानावरच्या दोन ओळी कमी कराव्या लागतील, आणि वसुधाताईंनी त्या दोन वाक्यांचे एक केले होते. त्यात नकार गळाला, आणि ज्या कृतीची मनाई होती तीच शिल्लक राहिली. शेवटच्या प्रुफावर, त्याच पानाच्या कोपऱ्यात, निळ्या शाईने ‘ठीक’ लिहिलेले होते. अक्षर त्यांचे होते.

संपादकांनी फोन लगेच उचलला आणि सगळे शांतपणे ऐकून घेतले. “पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू, मॅडम. पण दोन वर्षांत एकाही शाळेची तक्रार आलेली नाही. प्रयोग शिक्षकच करून दाखवतात, मुलांच्या हातात कोण आम्ल देतो?”

या बोलण्याने त्यांना जेवढा धीर यायला हवा होता तेवढा आला नाही. तक्रार आली नाही याचा अर्थ वाक्य कोणी तपासले नाही, किंवा ज्या वर्गांत ते शिकवले जाते तिथे प्रयोगच होत नाही, असाही होऊ शकत होता.

“हा प्रश्न कधी परीक्षेत आला होता का?” त्यांनी रोशनीला विचारले. रोशनीने दप्तरातून घटक चाचणीची उत्तरपत्रिका काढली. पुस्तकातले वाक्य जसेच्या तसे लिहिलेले होते, शेजारी लाल शाईची बरोबरची खूण होती आणि दोनपैकी दोन गुण होते.

“पापा तो उल्टा बोल रहे थे,” ती म्हणाली. तिचे वडील रबाळ्याला एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यात हेल्पर होते. “बोले, पहले पानी, फिर ॲसिड, नहीं तो मुँह पर आएगा. मैंने किताब दिखाई, तो बोले, किताब में है तो वही सही होगा.”

वसुधाताईंना त्या उत्तरपत्रिकेपेक्षा हे अधिक लागले. कारखान्यात रोज आम्ल हाताळणारा, बहुधा एखाद्या सहकाऱ्याचा भाजलेला हात पाहिलेला माणूस एका छापील ओळीपुढे गप्प बसला होता, आणि ती ओळ त्यांनी पान पुरावे म्हणून आखूड केली होती.

“तुझे पापा बरोबर होते. चूक माझी आहे, ते पुस्तक मीच हिंदीत केले आहे,” त्या म्हणाल्या, आणि पेन घेऊन त्यांनी ती ओळ खोडून वर बरोबर वाक्य लिहिले. “आज घरी गेल्यावर हे पान त्यांना दाखव.”

रोशनी खोडलेल्या ओळीकडे बघत राहिली. तिला वेगळीच काळजी होती. “लेकिन आंटी, सोमवार को फिर टेस्ट है. ये लिखूँगी तो टीचर काट देंगी.”

“बरोबर आहे तेच लिही. गुण कापले तर मी शाळेत येऊन बोलेन.”

“बाद में क्यों? पहले ही आ जाइए ना. पूरी क्लास वही रट रही है.”

यावर वसुधाताईंकडे उत्तर नव्हते. त्यांनी बरोबर वाक्य मोठ्या अक्षरांत टंकित केले, खाली पृष्ठ क्रमांक आणि स्वतःचे नाव घातले, आणि एका कागदावर त्याच्या किती चिठ्ठ्या बसतील याचा अंदाज घेत रोशनीला विचारले की तिच्या वर्गात मुले किती आहेत आणि शाळा सकाळी किती वाजता भरते.