विलंब शुल्क आणि दंडव्याज माफ करण्याबाबत अर्ज

वडोदरा, 16 ऑक्टोबर 2024

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
दांडिया बाजार शाखा, वडोदरा

विषय: मुदत कर्ज खाते (शेवटचे चार आकडे 4417), सप्टेंबर व ऑक्टोबरच्या हप्त्यांवर लागलेले विलंब शुल्क आणि दंडव्याज माफ करण्याबाबत

महोदय,

आपल्याशी नेहमी मराठीतच बोलणे होते म्हणून अर्ज मराठीत लिहीत आहे. विभागीय कार्यालयात पाठवावा लागला तर सोय व्हावी म्हणून सोबत गुजराती प्रतही जोडली आहे.

माझ्या मुजमहुडा येथील शिलाई कारखान्यासाठी जानेवारी 2022 मध्ये आपल्या शाखेने मला 12 लाख रुपयांचे मुदत कर्ज दिले. हप्ता 26,091 रुपये, दर महिन्याच्या 5 तारखेला. फेब्रुवारी 2022 पासून ऑगस्ट 2024 पर्यंतचे सर्व 31 हप्ते ठरल्या तारखेलाच कापले गेले. त्यात एकदाही हप्ता परत गेलेला नाही. हे आपल्याच उताऱ्यात आहे, त्याची प्रत जोडली आहे.

ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्रीला आलेला पूर आपण इथे राहून पाहिलाच आहे. 26 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून नदी कितीतरी वर गेली आणि आमच्या गल्लीत पाणी शिरले. कारखाना तळमजल्यावर आहे, आत कमरेएवढे पाणी होते. ओव्हरलॉक आणि शिलाई मशीनच्या मोटरी पाण्याखाली गेल्या. त्याहून मोठा घाव कापडाचा. नवरात्र 3 ऑक्टोबरला बसणार होते आणि चणियाचोळीचे वर्षभरातले सर्वांत मोठे काम त्याच वेळी हातात होते. आरीकाम झालेले घेर, अस्तर, लेस, सगळे चिखलात गेले. यंत्रांचा विमा आहे, त्याचा सर्व्हे झाला आहे, पण कापडाचा विमा नव्हता. पाणी ओसरल्यावर मोटरी दुरुस्त करून घेणे, कापड पुन्हा उचलणे आणि कारागीर बायकांची मजुरी देणे ही तीन कामे आधी करावी लागली. त्या बायकांच्या घरांतही पाणी शिरले होते. त्यांची मजुरी थांबवून हप्ता भरणे मला योग्य वाटले नाही.

म्हणून 5 सप्टेंबरचा हप्ता शिल्लक कमी असल्याने परत गेला. दुसऱ्याच दिवशी मी शाखेत येऊन कर्ज विभागात परिस्थिती सांगितली आणि गरब्याच्या मालाचे पैसे हाती आले की भरते, असे कळवले. 5 ऑक्टोबरचा हप्ताही याच कारणाने राहिला. दसरा झाल्यावर व्यापाऱ्यांकडून वसुली आली आणि 14 ऑक्टोबरला दोन्ही हप्ते, एकूण 52,182 रुपये, मी एकत्र भरले. आज मुद्दल किंवा व्याज काहीही थकलेले नाही.

खात्यावर विलंब शुल्क 2,000 रुपये आणि दंडव्याज 823 रुपये अशी एकूण 2,823 रुपयांची नोंद आहे. ही रक्कम माफ करावी, अशी माझी नम्र विनंती आहे. हप्ता परत गेल्याबद्दलचे शुल्क मात्र मी भरते, कारण बँकेला तो खर्च खरोखर आला आहे.

एक गोष्ट आदरपूर्वक लक्षात आणून देते. रिझर्व्ह बँकेच्या 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकानुसार हप्ता चुकल्याबद्दलची आकारणी दंडव्याज म्हणून नव्हे, तर दंडात्मक शुल्क म्हणून, झालेल्या चुकीच्या मानाने वाजवी असावी आणि तिच्यावर पुन्हा व्याज लागू नये. जुन्या कर्जांनाही ही पद्धत 30 जून 2024 पर्यंत लावायची होती. माझ्या उताऱ्यात विलंब शुल्क आणि दंडव्याज अशा दोन वेगळ्या नोंदी आहेत, त्या कृपया तपासून पाहाव्यात. तरी माझी विनंती मुख्यतः पुराच्या कारणावर आणि पूर्वीच्या परतफेडीवर आहे.

मी हप्ता कमी करून मागत नाही, मुदतवाढ मागत नाही, कर्जाची पुनर्रचनाही मागत नाही. दोन हप्ते उशिरा भरले ही नोंद खरी आहे, ती पुसा असेही म्हणत नाही. फक्त थकबाकी आता शून्य आहे हे क्रेडिट ब्युरोला पुढच्या अहवालात कळवावे. दिवाळीच्या मालासाठी व्यापारी उधारी देताना ती नोंद पाहतात आणि त्यावर माझा पुढचा हंगाम अवलंबून आहे. नोव्हेंबरच्या हप्त्याची रक्कम खात्यात आताच ठेवली आहे.

पुराच्या पंचनाम्याची प्रत, कारखान्याचे तारखेसह फोटो, मोटर दुरुस्तीची बिले, विम्याच्या सर्व्हेची पावती आणि 14 ऑक्टोबरची भरणा पावती सोबत आहे. कारखाना पाहायचा असेल तर कोणत्याही कामाच्या दिवशी यावे. मंजुरी आपल्या अधिकारात नसेल तर शिफारशीसह अर्ज पुढे पाठवावा आणि जो निर्णय होईल तो मला लेखी कळवावा.

आपली विश्वासू,
सौ. वैशाली अनंत शिर्के