आखाजी ऑफर: माहेरवाशिणीसोबत आलेल्या दुसरीला ३०% सूट

लेकी माहेरी यायला लागल्या आणि आमचा फोन वाजायला लागला! १० ते १८ एप्रिल, माहेरवाशीण आपली आई, वहिनी, बहीण किंवा मैत्रीण घेऊन आली तर दुसरीच्या फेशिअल, क्लीनअप, हेअर स्पा आणि हेअरकटवर ३०% सूट. म्हणजे फळांचं फेशिअल पहिलीला ७००, दुसरीला ४९० रुपये. दोघींनी एकाच वेळी यायचं, एवढीच अट. थ्रेडिंग (४० रुपये) आणि मेंदीवर सूट नाही, ते दर आधीच कमी आहेत.

दुपारी १ ते ४ येणाऱ्यांना वॅक्सिंगवर ५० रुपये कमी. जळगावच्या उन्हात त्या वेळी कुणी घराबाहेर पडत नाही हे आम्हालाही कळतं, पण आत कूलर चालू असतो आणि नंबर लगेच लागतो. वॅक्सिंग केल्यावर मात्र लगेच उन्हात गाडीवर निघू नका. थोडं बसा, ओढणी घ्या, मग निघा.

मेंदी १७ आणि १८ तारखेला. दोन्ही हात मनगटापर्यंत ३०० रुपये, कोपरापर्यंत ६००. झोका खेळायचा तर रंग चढलेला हवा, म्हणून १७ ची संध्याकाळच घ्या. मेंदी रात्रभर ठेवा, सकाळी खरवडून काढा, पाणी जितकं उशिरा लागेल तितकं बरं.

केसांना कलर पहिल्यांदाच करत असाल तर दोन दिवस आधी पाच मिनिटांसाठी येऊन जा. कानामागे थोडासा लावून बघतो, पैसे नाहीत. लगनसराईत ज्यांच्या घरी हळद आहे त्यांनी फेशिअल हळदीच्या तीन-चार दिवस आधी उरका, आदल्या दिवशी नको.

गेल्या वर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी वहीत नावं लिहून घेतली आणि काही ताईंना दोन-दोन तास बाकावर बसावं लागलं. चूक आमची होती. यंदा वेळ ठरवूनच काम. खालचं कॉलचं बटण दाबा किंवा त्याच नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करा: नाव, काय करायचंय, किती जणी, कधी. आमचं ‘हो’ आलं की वेळ पक्की. १५ मिनिटांपेक्षा उशीर झाला तर पुढच्या ताईंना घेऊ. बेत बदलला तर तीन तास आधी कळवा, रागावणार नाही. मेंदीसाठी १०० रुपये आगाऊ, रोख किंवा यूपीआय.

वेळ सकाळी १० ते रात्री ८. सोमवारी बंद असतो, पण १३ एप्रिलचा सोमवार चालू. १४ तारखेला जयंतीची मिरवणूक असल्याने संध्याकाळी ५ पर्यंतच. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर पंखा-दिवे चालतात, ड्रायर नाही. तेवढं सांभाळून घ्या.

पत्ता: महाबळ परिसर, दत्त मंदिरामागची गल्ली, तळमजला. फक्त महिलांसाठी. गाडी मंदिराच्या भिंतीलगत लावा, शेजारच्या गेटसमोर नको.

१९ ला आखाजीच्या दिवशी बंद. आम्हालाही माहेर आहे!