रद्द केलेल्या पुणे–अकोला बसचे भाडे परत मिळणेबाबत

दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
मुख्य कार्यालय, पुणे

विषय : १७ ऑक्टोबर २०२५ ची पुणे–अकोला एसी स्लीपर (वाघोली, रात्री ९.१५) आपण रद्द केल्याने भरलेले ५,१९७.५० रुपये परत मिळणेबाबत
संदर्भ : पीएनआर ४४७१९२६, तीन बर्थ

महोदय,

स. न. वि. वि.

दिवाळीला अकोल्याला जाण्यासाठी मी सप्टेंबरमध्येच आपल्या वेबसाइटवर तीन बर्थ घेतले होते. माझा, माझ्या सासूबाईंचा (वय ७६) आणि मुलाचा. भाडे माणशी १,६५० रुपये, त्यावर पाच टक्के जीएसटी, असे एकूण ५,१९७.५० रुपये यूपीआयने त्याच क्षणी आपल्या खात्यात जमा झाले. मध्ये कोणी एजंट नाही, दुसरे ॲप नाही. म्हणून हे पत्र थेट आपल्याला.

१७ तारखेला, वसुबारसेच्या संध्याकाळी ७.४० वाजता ‘तांत्रिक कारणामुळे आपली गाडी रद्द करण्यात आली आहे’ असा एसएमएस आला. तेव्हा आम्ही सामानासकट टॅक्सीत होतो. सिंहगड रस्त्यावरून वाघोलीला सणाच्या गर्दीत पोचायचे तर लवकर निघावे लागते, हे आपल्याला माहीत असणारच. वाघोलीच्या आपल्या काउंटरवरच्या मुलाने मात्र तांत्रिक बिघाडाचे नाव काढले नाही. ‘गाडी नागपूर लाइनला लावली,’ एवढे सांगून तो पुढच्या माणसाकडे वळला. पर्यायी गाडी नाही, दुसऱ्या गाडीत जागा नाही, कुणा अधिकाऱ्याचा नंबर नाही.

त्याच वेळी आपल्याच वेबसाइटवर त्याच रात्रीच्या नागपूर गाडीत बर्थ शिल्लक दिसत होते. भाडे ३,२०० रुपये. ती गाडी अकोल्यावरूनच जाते. स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. यावरून मी कोणताही आरोप करत नाही, पण रद्द झालेल्या गाडीचा नोंदणी क्रमांक आणि रद्द करण्याचे खरे कारण मला लेखी हवे आहे. खासगी कंत्राटी बसचे कमाल भाडे एसटीच्या त्याच प्रकारच्या सेवेच्या दीडपटीपुढे जाऊ नये, असा राज्य शासनाचा २७ एप्रिल २०१८ चा निर्णय आहे. ३,२०० रुपये त्या मर्यादेत बसतात की नाही, हे आरटीओ पाहील.

आम्ही शेवटी वाकडेवाडीहून एसटीने गेलो. छत्रपती संभाजीनगरला गाडी बदलली आणि सासूबाईंनी गुडघे धरून रात्र बसून काढली. एसटीने त्यांच्याकडून एक रुपयाही घेतला नाही, माझे अर्धेच तिकीट लागले. त्यामुळे पर्यायी प्रवासाचा जादा खर्च मी आपल्याकडे मागत नाही. जो खर्च खरोखर झाला तेवढाच मागते आहे.

आता परताव्याविषयी, कारण पत्राचे मूळ कारण तेच. गाडी रद्द होणे एक वेळ समजून घेता येते. रस्त्यावरच्या धंद्यात असे होते. पण पैसे ठेवून घेण्याला काय कारण? आधी सांगण्यात आले, सात ते दहा कामाचे दिवस लागतील. मग दिवाळीच्या सुट्ट्या आड आल्या. मग अकाउंट्सच्या मॅडम रजेवर होत्या. त्यानंतर ‘आमच्याकडून पैसे गेले आहेत, तुमच्या बँकेत अडकले असतील’ असे उत्तर मिळाले. मी बँकेत गेले. तिथे सांगितले की आपल्याकडून कोणतीही रक्कम आलेली नाही, आणि पाठवली असेल तर तिचा यूटीआर क्रमांक असतो, तो आणा. हा क्रमांक मी आपल्या कस्टमर केअरकडे मागितला तेव्हापासून बँकेचे नाव निघणे बंद झाले आहे.

त्याऐवजी ४ नोव्हेंबरला एक कूपन आले. ५,१९७ रुपयांचे, नव्वद दिवसांत वापरायचे, सणासुदीच्या तारखांना न चालणारे. (पन्नास पैसे कुठे गेले, तेही कळले असते तर बरे झाले असते.) हे कूपन मी स्वीकारलेले नाही आणि स्वीकारणार नाही. मी पैसे दिले होते, पैसेच परत हवेत.

आपल्या तिकिटामागच्या अटी मी नीट वाचल्या. गाडी सुटण्याच्या आधी चार तासांत प्रवाशाने तिकीट रद्द केले तर पूर्ण भाडे बुडते. आपण दीड तास आधी रद्द केलीत, तर आपले काय बुडते, याबद्दल अटींमध्ये एक ओळही नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मधला नियम ४(८) नेमका याबद्दल आहे : ग्राहकाने रद्द केल्यास शुल्क लावायचे असेल, तर विक्रेत्याने स्वतः एकतर्फी रद्द केल्यावर तसेच शुल्क त्यानेही सोसले पाहिजे. त्या हिशोबाने भाड्याइतकीच रक्कम मला वर मागता येईल. तूर्त मी ती मागत नाही. याच नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. माझी लेखी तक्रार १८ ऑक्टोबरची आहे. पोच आलेली नाही, आणि महिना आज पुरा झाला.

माझी मागणी अशी. भाड्याचे ५,१९७.५० रुपये, आणि सिंहगड रस्ता ते वाघोली (६१५ रुपये) व वाघोली ते वाकडेवाडी (३६५ रुपये) या टॅक्सीचे ९८० रुपये, मिळून ६,१७७.५० रुपये, ज्या यूपीआय खात्यातून भाडे भरले त्याच खात्यात ३ डिसेंबर २०२५ पर्यंत जमा करावेत आणि यूटीआर क्रमांक ईमेलने कळवावा. ‘प्रोसेसमध्ये आहे’ हे उत्तर मी उत्तर म्हणून धरणार नाही.

त्या तारखेपर्यंत रक्कम आली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून मी पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात दाद मागेन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. वकीलही सक्तीचा नाही. तिथे मात्र मी भाडे आणि टॅक्सीवर थांबणार नाही : व्याज, वर सोडून दिलेली नियम ४(८) ची रक्कम आणि एका वृद्ध प्रवाशाला झालेल्या त्रासाची भरपाई, हे सगळे त्या अर्जात असेल.

हे पत्र ईमेलने पाठवत असून प्रत स्पीड पोस्टने रवाना केली आहे.

कळावे,

आपली,
सुजाता वानखडे
सिंहगड रस्ता, पुणे

सोबत : तिकिटाची प्रत, यूपीआय पावती, रद्द झाल्याचा एसएमएस, नागपूर गाडीच्या भाड्याचा स्क्रीनशॉट, १८ ऑक्टोबरची तक्रार, कूपनचा संदेश, टॅक्सीची दोन बिले, १७ ऑक्टोबर ते १७ नोव्हेंबरचा बँक खातेउतारा