जायांची फाती

आगळाच्या बरणीत ओला चमचा घालायचा नाही, हे सुमतीने दत्तारामांना बेचाळीस वर्षांत किती वेळा सांगितलं असेल याचा हिशेब नाही. सोलांचं आगळ टिकतं ते मिठावर. त्यात पाण्याचा थेंब पडला की तेवढ्यापुरतं मीठ उतरतं आणि आठवड्याभरात वर पांढरी बुरशी धरते. दत्तारामांना हे कळत होतं. पण सकाळी पेज जेवताना हातात असतो तोच चमचा बरणीत जायचा.

दुसरं भांडण जायांवरून. गोव्यातल्या म्हार्दोळात पावसाळ्यात ज्यांच्या परड्यात जाईचे वेल, त्यांची दुपार कळे काढण्यात जाते. दत्ताराम काढायचे, सुमती केळीच्या सोपटाच्या दोरात गुंफून फाती करायची. कळा पांढरा, फुगलेला पण मिटलेला हवा. हिरवट काढला तर संध्याकाळी उमलत नाही आणि उशिरा काढला तर गुंफतानाच पाकळ्या सुटतात.

"हे बघा, यात निम्मे हिरवे!"

"तुला डोळ्याला दिसत नाही, म्हणून हिरवे."

"मला दिसतं. तुम्हाला तीन वाजताची झोप दिसते."

तिसरं भांडण बुटांचं. वेलांखाली पावसात पाणी तुंबतं. बाजूच्या माडांखाली उंदरांनी पोखरलेले नारळ पडतात. दत्ताराम गमबूट घालून जायचे. सुमती अनवाणी जायची, भेगाळलेल्या टाचांनी. "बूट घाल गो" म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर यायचं, "माझ्या पायांची काळजी तुम्ही कधीपासून करायला लागलात?"

श्रावणातल्या त्या सोमवारी दत्तारामांनी ओला चमचा बरणीत घातला, आगळ ढवळलं आणि सवयीने मान खाली घातली. सुमती समोरच बसली होती. तिने बरणीकडे पाहिलं आणि काहीच बोलली नाही.

चमचा तसाच बरणीत ठेवून दत्ताराम उठले. तिच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला.

"कधीपासून?"

"काल रात्रीपासून. पावसाचा ताप. पोटऱ्या फार दुखतात."

त्यांनी तिची पोटरी जरा दाबली तशी ती कळवळली. डोळे लाल होते, पण पाणी नाही की चिपडं नाही. दत्तारामांनी ताप बघितला, 102.6. मुलीला सांखळीला फोन केला, रिक्षा बोलावली आणि फोंड्याचं सरकारी इस्पितळ गाठलं. हे त्यांनी बरं केलं. पावसाळ्यात ताप, लाल डोळे आणि पोटऱ्यांत कळा असं तिन्ही मिळून आलं की घरी काढ्यावर दिवस काढायचे नसतात.

डॉक्टरीणबाईंनी आधी पाय पाहिले. "बाय, पाण्यात अनवाणी जाता?"

सुमती गप्प. दत्तारामांना बोलायची ही उघड संधी होती. ते म्हणाले, "परड्यात पाणी साचतं. ते काढून टाकायचं काम माझं होतं."

सुमतीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

लेप्टोचा संशय होता. उंदरांचं मूत मिसळलेलं पाणी भेगेतून अंगात जातं, त्यातून हा ताप येतो. रक्तात प्लेटलेट 92 हजार निघाल्या आणि क्रिएटिनिन वाढलेलं. तपासणीचा पक्का निकाल यायची वाट न बघता शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. मूत्रपिंडांवर परिणाम होतोय का ते बघायला नर्सने खुणा असलेलं प्लास्टिकचं भांडं दिलं आणि दिवसभरातली लघवी मोजून लिहून ठेवायला सांगितलं.

मुलगी म्हणाली, "बाबा, मी करते."

"तू रात्री ये. हे मी करतो."

बिलं लिहायच्या जुन्या वहीत त्यांनी रकाने आखले. वेळ, प्यायलेलं पाणी, लघवी, ताप. पहाटे 5, 180. सकाळी 9, 220. पहिल्या दिवशी बेरीज 610 आली. डॉक्टरीणबाई काही बोलल्या नाहीत, पण सलाइन बदललं. दत्ताराम त्या रात्री बाकावरून उठले नाहीत. भांडं धुताना त्यांना स्वतःचेच हात अनोळखी वाटत होते. तिसऱ्या दिवशी बेरीज 1400 झाली. त्यांनी आकड्याखाली दोन रेघा ओढल्या आणि वही तिला दाखवली.

"हे काय दाखवायचं असतं?" सुमती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. पण वही तिने उशीखाली ठेवून घेतली.

सहाव्या दिवशी घरी सोडलं. डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, आणखी 3 दिवस. जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाही तर गोळी अन्ननलिकेत अडकून आतून जाळते. दत्ताराम गोळी देऊन अर्धा तास घड्याळ बघत खाटेच्या कडेला बसायचे. तिची पाठ दुखली की मागे स्वतःचा खांदा द्यायचे.

पेज मात्र पहिल्या दिवशी बिघडली. वाटीभर उकड्या तांदळाला त्यांनी चार वाट्या पाणी घातलं आणि जाळ मोठा ठेवला. वरून उतू गेली, खाली लागली आणि मधले दाणे कडक राहिले.

"किती पाणी घातलंत?" आतून आवाज आला.

"चार."

"आठ घाला. उकळी आली की जाळ बारीक करा, झाकण तिरकं ठेवा. तासभर तरी लागतो. मीठ शेवटी." मग थोडं थांबून, "आणि चमचा कोरडा!"

दत्ताराम चुलीपुढे हसले. चमचा त्यांनी पंच्याने दोनदा पुसला.

जायांची पूजा जवळ आली होती. फुलांना मागणी होती, पण आठवडाभर कळे वेलावरच उमलून चिखलात गळत होते. चौथ्या दिवशी दुपारी दत्ताराम परडी घेऊन गेले. आधी त्यांनी चर खणून साचलेलं पाणी ओढ्याकडे काढलं होतं, कुरतडलेले नारळ उचलले होते. घरात दाराशी पाच नंबरचे नवे गमबूट होते. सुमतीने ते पाहून "मोठे होतील" एवढंच म्हटलं होतं. ते मोठे नव्हते.

परडी त्यांनी खाटेवर ठेवली. तिने मूठभर कळे तळहातावर पसरून निरखले. एकही हिरवा नव्हता.

"गुंफणार कोण?" ती म्हणाली. सुई टोचून टोचून तिचा डावा हात मनगटापर्यंत सुजला होता. एरवी ती दोराचं टोक पायाच्या अंगठ्यात धरायची, पण पाय आवळला की पोटरीत वांब यायचा.

दत्तारामांनी दोर भिजत घातला. कोरडा दोर कडक असतो, देठ कापतो. मग खाली चटईवर बसून त्यांनी एक टोक दोन्ही हातांत धरलं. सुमती खाटेवरून वाकली. दोन कळे या अंगाला, दोन त्या अंगाला, देठावरून वेढा, मग गाठ. एकाच हाताने गाठ बसेना. तिने टोक त्यांच्याकडे दिलं, त्यांनी ओढलं. दोन देठ तुटून पडले.

त्यांनी चटकन वर पाहिलं.

"ओढू नका," ती हळू म्हणाली. "नुसतं धरा. आवळते मी."

त्यांनी धरलं. तिची बोटं त्यांच्या बोटांवरून फिरत होती, ओल्या दोरामुळे थंड. वीतभर फातीला अर्धा तास लागला. ती एरवी तेवढ्या वेळात हातभर करायची. साडेपाचला पाऊस थांबला. परडीतल्या कळ्यांची तोंडं सैल व्हायला लागली, खोलीत वास भरला.

"काकी, फुलां आसात?" फुलवाल्याचा मुलगा दारात उभा होता.

"थांब रे मात्शें," दत्ताराम दोर न सोडता म्हणाले, "आणखी चार कळे राहिलेत."