गुळव्या अण्णांना दिवाळी पाडव्याचा मेसेज

अण्णा, पाडव्याच्या शुभेच्छा.

सकाळपासून फोनवर एकच मजकूर फिरतोय. "दिव्यांचा लखलखाट, गोडव्याची बरसात, यशाचं शिखर, सुखसमृद्धीची भरभराट, आपणास व आपल्या परिवारास…" आणि खाली हलत्या पणत्या. तोच तुमच्याकडं ढकलला असता, तर अंगठा दाखवून तुम्ही फोन खिशात टाकला असता. शिवाय गोडवा कशाला म्हणायचं, हे गुळव्याला कुणी शिकवावं?

तुमच्या नावानं आठवतं ते २०१९ च्या महापुरानंतरचं पहिलं आदण. पंचगंगेचं पाणी उसात थांबून गेलेलं, डोळ्यांना कोंब फुटलेले, रसाला आंबूस वास. भेंडीचं पाणी सोडून मळी तुम्ही नीट काढलीत. चुना मात्र हात आखडूनच, कारण जास्त पडला की गूळ काळा होतो. उकळी जाड झाल्यावर चिमूटभर पाक पाण्यात सोडला, तर गोळी बोटांत धरेना. काहिलीभोवतीचे सगळे म्हणत होते, आणखी जाळ घाला. तुम्ही चुलवाणावरच्या पोराला थांबवलंत : "उसातली साखर मोडलीया. जाळून रवा बसायचा न्हाई, करपंल नुसता. काकवी काढा."

रव्याचा हट्ट धरला असता, तर ढेप पाझरत राहिली असती आणि यार्डात कुणी हात लावला नसता. काकवी मात्र डब्यांनी गेली. वहिनींनी त्यातलीच भाकरीबरोबर वाढली होती, वर तुपाची धार. तुम्ही "जरा पातळच झाली" म्हणून कुरकुरलात, आणि दोनदा मागून घेतलीत!

तेव्हा यशाचं शिखर राहू दे. यंदा उसाला पुराचं पाणी नको. पहिल्याच आदणाची गोळी काहिलीच्या काठावर टण्ण वाजू दे. वाफ्यात ओतलेला पाक वेळेत दाणा धरू दे, रवा साच्यातून फडक्यासकट स्वच्छ सुटू दे. आणि लखलखाट म्हणाल तर चिपाड कडकडीत वाळलेलं असू दे. ओलं असलं की धूर डोळ्यांत आणि जाळ निम्मा, हे तुम्हीच सगळ्यांना बजावता.

समृद्धीत एकच मागणं : तुमचा गुडघा. धाकट्याला आता चिमटीचा अंदाज येतोय. यंदा काहिलीजवळ खुर्ची टाकून बसा आणि त्याला नुसतं ओरडा.

चुना निवळून ठेवलाय. भेंडीची ताटं हिरवीच आणतो, वाळकी चिकट सोडत नाहीत. वहिनींना नमस्कार सांगा. आता शाहू मार्केट यार्डात मुहूर्ताच्या सौद्याला निघालोय. पहिली बोली काय लागली ते तिथूनच फोन करून सांगतो.