ठळक अक्षरं

रविवार पेठेतल्या किराणा दुकानात अण्णांनी नातवाला गल्ल्यावरची खुर्ची दिली. "बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये रंग, अक्षरं, काय हवं ते बदल. हिशेबाला तेवढा हात लावू नकोस."

ओमने स्क्रीनची भडक निळाई काढून फिकट पिवळा रंग दिला, उधारीची नावं लाल केली, फॉन्ट मुक्ता घेतला. कागदावर मात्र रंग येईना. थर्मल प्रिंटर काळंच छापणार. मग त्याने आकडे मोठे केले, ओळींत मोकळी जागा सोडली.

संध्याकाळी शेजारच्या वाड्यातल्या काकूंनी बिल हातात घेतलं. चष्मा काढायला पर्समध्ये गेलेला हात तसाच थांबला. "साबुदाणा दोन किलो? एकच सांगितला होता की मी!"

अण्णांनी बिल दुरुस्त केलं. "ओम, तारीखही मोठी कर रे."