विषय: ट्रान्सक्रिप्टचा अर्ज नं. 4471 अजून पेंडिंग, ॲडमिशनसाठी 30 ऑक्टोबरच्या आत पाहिजे

नमस्कार सर,

मी स्नेहल, खानापूरची. परवा तुमच्याशी फोनवर बोलले बघा, तुमचं ऑफिस साडेदहाला उघडतं तेव्हा इकडे टोरांटोत रात्रीचा एक वाजलेला असतो, घरात सगळे झोपलेले, म्हणून हळू बोलत होते. तुम्ही म्हणाला मराठीत मेल टाका, चालतंय, म्हणून लिहितेय.

माझं बीएस्सी केमिस्ट्री, 2019 पास. 12 ऑगस्टला दादानं खिडकीवर अर्ज दिलाय, सहाही सेमची मार्क्स कार्डं, डिग्रीची झेरॉक्स, फीचं चलन सगळं जोडून, शिक्का मारलेल्या पावतीचा फोटो सोबत आहे. तेव्हापासून दादा कधीही गेला की एकच उत्तर, व्हेरिफिकेशनला गेलंय. शेवटी खिडकीवरच्या मॅडमनी सांगितलं की तिसऱ्या सेमच्या ऑरगॅनिकचे मार्क्स लेजरशी जुळत नाहीत. आता ते जुळणार कसे सर, त्या पेपरचं रीव्हॅल्युएशन झालेलं, 38 चे 51 झाले, सुधारलेलं मार्क्स कार्ड तुमच्याच ऑफिसनं दिलंय आणि लेजरात बहुतेक जुनेच राहिलेत. रीव्हॅल्युएशनच्या रिझल्टची कॉपी आणि ते मार्क्स कार्ड दोन्ही परत अटॅच केलंय, एवढं त्या टेबलावर पोचलं तर काम अडायचं कारणच नाही.

दुसरं म्हणजे पाकिटाचं. दादाला म्हणे सांगितलं की तयार झालं की हातात देतो, घेऊन जा. तसं प्लीज करू नका, इथल्या युनिव्हर्सिटीला डब्ल्यूईएसचं इव्हॅल्युएशन लागतं आणि ते लोक आमच्याकडून आलेलं ट्रान्सक्रिप्ट धरतच नाहीत, ऑफिसनंच पाकीट सील करून, चिकटवलेल्या जागेवर सही-शिक्का मारून थेट त्यांना पाठवायला लागतं. अर्जाबरोबर त्यांचा फॉर्म दिलाय, त्यावर माझा रेफरन्स नंबर आहे, तो फॉर्म पाकिटात आतच जायला पाहिजे, नाहीतर पाकीट तिकडं पोचूनही कुणाचं ते कळायचं नाही. स्पीड पोस्टचा खर्च दादा तिथंच भरेल.

जानेवारीच्या ॲडमिशनची ऑफर हातात आहे पण कंडिशनल, इव्हॅल्युएशन रिपोर्ट 30 ऑक्टोबरपर्यंत नाही गेला की सीट गेली. पाकीट पोचल्यावर त्यांनाही रिपोर्ट करायला वेळ लागतो, आणि मध्ये तुमची दसऱ्याची सुट्टी, म्हणून सुट्टीच्या आधी पाकीट सुटलं तरच जमेल.

तेव्हा सर, फाईल आत्ता नेमकी कुणाच्या टेबलावर आहे आणि ट्रान्सक्रिप्ट कधी सुटेल, एवढं दोन ओळीत कळवा की. सोमवारी दादा ओरिजिनल मार्क्स कार्डं घेऊन येतोय, कुणाला भेटायचं तेही सांगा, नाहीतर परत खिडकीवरूनच माघारी यायचा.

स्नेहल
(अर्ज आणि मार्क्स कार्डवर नाव स्नेहल प. असंच आहे)

अटॅच: पावती, रीव्हॅल्युएशन रिझल्ट, सुधारलेलं मार्क्स कार्ड, डब्ल्यूईएस फॉर्म, ऑफर लेटर